एप्रिलमध्ये पीपीएफ आणि सुकन्यात पैसे भरण्याआधी

पॅन, आधार, पासबुकं हाताशी ठेवा, हे सांगायची गरज नाही. पहिलं काम म्हणजे घरातल्या प्रत्येक खात्यापुढे पालक म्हणून कोणाचं नाव आहे ते कागदावर लिहा. हे मी केलं नव्हतं.

माझ्या पीपीएफमध्ये मी दर एप्रिलला १,५०,००० भरायचो. मुलाचं खातं दुसरीकडे, पालक मीच, त्यात ६०,०००. खातं त्याच्या नावावर, म्हणजे मर्यादाही त्याची वेगळी, असं धरून चाललो. तसं नाही! तुमचं खातं आणि तुम्ही पालक असलेलं अल्पवयीन मुलाचं खातं, दोन्ही मिळून वर्षाला दीड लाख. दोन ठिकाणी खाती असली की भरताना कोणी अडवत नाही. चार वर्षांनी लक्षात आलं, तेव्हा २,४०,००० बिनव्याजी परत मिळाले. ७.१ टक्क्यांनी नुसतं सरळ व्याज धरलं तरी ४२,६०० गेले.

म्हणून पालकाचं नाव बघा. बायकोच्या स्वतःच्या पीपीएफमध्ये ९०,००० च जात असतील, तर मुलाच्या खात्याची पालक ती असली की तेच ६०,००० तिच्या दीड लाखात बसतात. पण एका मुलाचं खातं आई किंवा वडील, दोघांपैकी एकानेच उघडायचं. आजोबांनी हौसेने उघडायचं नाही. आईवडील हयात असताना ते चालत नाही.

सुकन्याचं गणित निराळं. मुलीच्या खात्याला वर्षाला दीड लाखाची स्वतंत्र मर्यादा आहे, ती तुमच्या पीपीएफमध्ये मिसळत नाही. मात्र भरायची मर्यादा वेगळी आणि ८०सीची वजावट वेगळी, इथे पुष्कळ जण फसतात. पीपीएफमध्ये दीड लाख आणि सुकन्यात दीड लाख भरले, तरी तुमची वजावट एकूण दीडच लाख, आणि त्यातही पगारातून कापलेला पीएफ आणि विम्याचा हप्ता आधी जागा खातात. बायकोच्या पीपीएफमध्ये तुम्ही भरलेले पैसे तुमच्या वजावटीत धरता येतात, पण त्याच दीड लाखात. तिला दिलेल्या पैशाचं व्याज तुमच्या उत्पन्नात जोडायचा नियम आहे. पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त असल्यामुळे कर लागत नाही.

नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०सी विसरा. पीपीएफ आणि सुकन्याचं व्याज तिथेही करमुक्त राहतं.

५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं. सुकन्यात वर्षाला किमान २५०, पीपीएफमध्ये ५००. मूल १८ चं झालं की खातं त्याच्या नावे करून घ्या, मग त्याची मर्यादा त्याची. तोवर, पैसे पाठवण्याआधी, पालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पुन्हा बघा.