‘काटकसरी’ला ‘कंजूष’ का चालत नाही? समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांत पर्याय कसा निवडावा

शब्दसंग्रहाच्या प्रश्नमंजूषेत माणूस अडखळतो तो बहुधा अनोळखी शब्दापाशी नव्हे, तर चारही पर्याय ओळखीचे असताना आणि त्यांपैकी दोन बरोबर वाटत असताना. अशा दोन पर्यायांमधील फरक सामान्यतः दोन प्रकारचा असतो. एक फरक भाषेच्या थराचा असतो, म्हणजे एक शब्द घरगुती बोलण्यातला आणि दुसरा ग्रांथिक किंवा संस्कृत वळणाचा असतो. दुसरा फरक अर्थच्छटेचा असतो, म्हणजे दोन्ही शब्द एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, परंतु एक कौतुकाने दाखवतो आणि दुसरा नावे ठेवत दाखवतो. या दोहोंचे वजन सारखे नाही. थर वेगळा असूनही उत्तर बरोबर ठरू शकते. छटा उलटली, तर मात्र सहसा चूकच ठरते. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

समजा प्रश्न असा आहे : ‘काटकसरी’ या शब्दाचा समानार्थी शब्द निवडा. पर्याय आहेत कंजूष, मितव्ययी, कृपण आणि गरीब. घाईत वाचणारा ‘कंजूष’वर खूण करतो, कारण ‘काटकसरी’ आणि ‘कंजूष’ हे दोन्ही रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत आणि दोघांचाही संबंध कमी खर्चाशी आहे. ‘मितव्ययी’ हा शब्द पुस्तकी वाटतो म्हणून मागे पडतो.

पहिली पायरी म्हणून, पर्याय वाचण्याआधी मूळ शब्दापुढे मनातल्या मनात एक चिन्ह लिहावे : हा शब्द ऐकणाऱ्याला प्रशंसा वाटेल, निंदा वाटेल, की नुसते वर्णन वाटेल? ‘काटकसरी’ ही प्रशंसा आहे. मग तेच चिन्ह प्रत्येक पर्यायापुढे लावावे. ‘कंजूष’ आणि ‘कृपण’ ही निंदा आहे, ‘गरीब’ हे परिस्थितीचे वर्णन आहे आणि ‘मितव्ययी’ ही प्रशंसा आहे. ‘कंजूष’ आणि ‘कृपण’ हे परस्परांचे समानार्थी आहेत, त्यांच्यात फरक केवळ थराचा आहे, हेही येथे लक्षात येते. एकाच प्रश्नात असे दोन समानार्थी पर्याय दिसले आणि उत्तर एकच अपेक्षित असले, तर बहुधा दोन्ही चुकीचे असतात.

दुसरी पायरी ‘पण’ची आहे आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची. दोन्ही शब्द ‘अमुक आहे, पण तमुक नाही’ या साच्यात घालून पाहावेत. ‘तो काटकसरी आहे, पण कंजूष नाही’ हे वाक्य अगदी सरळ आहे. किंबहुना लोक असे बोलतातच. ज्याअर्थी एक मान्य करून दुसरे नाकारता येते, त्याअर्थी हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ‘तो काटकसरी आहे, पण मितव्ययी नाही’ असे म्हणताच मात्र ऐकणारा विचारील की, म्हणजे नेमके काय? वाक्य स्वतःलाच खोडून काढते, म्हणून उत्तर ‘मितव्ययी’. येथे वाक्य अवघडलेले वाटणे आणि वाक्य विसंगत होणे यांत गल्लत करू नये. पुस्तकी शब्द बोली वाक्यात घातला की ते अवघडतेच. आपल्याला शोधायची आहे ती विसंगती.

ही कसोटी नेहमी इतका स्वच्छ निकाल देत नाही. ‘राग’ या शब्दासाठी रुसवा, त्रागा, द्वेष आणि क्रोध असे पर्याय असतील, तर ‘राग आला, पण रुसवा धरला नाही’, ‘राग आला, पण त्रागा केला नाही’ आणि ‘राग आला, पण द्वेष वाटला नाही’ ही तिन्ही वाक्ये चालतात. ‘राग आला, पण क्रोध आला नाही’ हेही एखादा म्हणू शकेल, कारण क्रोध हा अधिक तीव्र असतो. अशा वेळी फरक कशाचा आहे ते पाहावे. रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो, त्रागा ही रागातून केलेली आदळआपट आहे आणि द्वेष टिकून राहणारा असतो. हे फरक जातीचे आहेत. क्रोधाचा फरक केवळ मात्रेचा आहे, म्हणून चारांत तोच सर्वांत जवळचा ठरतो.

विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात प्रशंसा-निंदेचे चिन्ह वेगळ्या रीतीने वापरावे लागते आणि येथेच चांगले वाचकही फसतात. ‘काटकसरी’चा विरुद्धार्थी म्हणून ‘उदार’ आणि ‘उधळ्या’ हे दोन्ही पर्याय दिलेले असतात. खर्चाची दिशा दोघांतही उलट आहे. परंतु ‘काटकसरी’ ही प्रशंसा आहे आणि ‘उदार’ हीसुद्धा प्रशंसाच आहे. एकच माणूस स्वतःपुरता काटकसरी आणि दुसऱ्यासाठी उदार असू शकतो. गुणवाचक शब्दाच्या नेमक्या विरुद्ध शब्दात दिशा उलटते आणि त्याबरोबर चिन्हही उलटते. त्यामुळे ‘काटकसरी’समोर ‘उधळ्या’ येतो आणि ‘उदार’समोर ‘कंजूष’ किंवा ‘कृपण’ येतो. बांध्याविषयीच्या शब्दांतही हीच जुळणी दिसते : ‘सडपातळ’ या कौतुकाच्या शब्दासमोर ‘लठ्ठ’ बसतो, तर ‘किडकिडीत’ या हिणवणाऱ्या शब्दासमोर ‘धष्टपुष्ट’ बसतो. जेथे मूळ शब्दाला चिन्हच नसते, तेथे उत्तरही बिनचिन्हाचे घ्यावे, जसे ‘जाड’समोर ‘बारीक’.

आता थराकडे वळू. छटेच्या चाळणीतून दोन पर्याय शिल्लक राहिले, तरच थराचा विचार करावा, त्याआधी नाही. ‘हजर’चा विरुद्धार्थी विचारला असून ‘गैरहजर’ आणि ‘अनुपस्थित’ हे दोन्ही दिलेले असतील, तर अर्थाने दोन्ही बरोबर आहेत; पण ‘हजर’ची जोडी ‘गैरहजर’शी आणि ‘उपस्थित’ची ‘अनुपस्थित’शी जमते, कारण फारसी-अरबी वळणाचे शब्द ‘गैर’, ‘बे’, ‘ना’ हे उपसर्ग घेतात आणि संस्कृत शब्द ‘अ’, ‘अन्’, ‘निर्’ हे घेतात. मात्र उपसर्ग दिसला म्हणजे विरुद्धार्थ झाला असे समजू नये. ‘अमूल्य’ म्हणजे मूल्य नसलेले नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही इतके मौल्यवान.

प्रश्नात शब्द सुटा न देता वाक्यात अधोरेखित केलेला असेल, तर थराचे महत्त्व एकदम वाढते. ‘मृत्यू’ या सुट्या शब्दासाठी ‘निधन’ हे उत्तर निर्विवाद आहे. परंतु ‘पिंजऱ्यातल्या उंदराचा मृत्यू झाला’ या वाक्यात ‘निधन’ घातले की वाक्याची थट्टा होते, कारण तो शब्द माणसांसाठी आणि आदराने वापरला जातो. अशा प्रश्नात निवडलेला शब्द वाक्यात बसवून ते एकदा मोठ्याने वाचावे, आणि लिंग किंवा क्रियापद बदलावे लागत असेल तर बदलूनच वाचावे (‘मृत्यू झाला’, पण ‘मरण आले’), नाहीतर केवळ व्याकरण अडल्यामुळे योग्य शब्द नाकारला जातो.

इतके करूनही दोन पर्याय तुल्यबळ राहिले, तर दोष बहुधा प्रश्न काढणाऱ्याचा असतो. ‘उदार’चा विरुद्धार्थी विचारून ‘कृपण’ आणि ‘अनुदार’ हे दोन्ही पर्याय देणारे प्रश्न मी पाहिले आहेत. दोन्ही शब्द कोणत्याही यादीत शोभतील असे आहेत. अशा वेळी मूळ शब्दावरून थेट घडलेल्या ‘अनुदार’वर खूण करून पुढे जावे, आणि आक्षेप नोंदवण्याची सोय असेल तर ‘तो उदार नाही’ या एकाच वाक्याच्या जागी दोन्ही पर्याय कसे बसतात ते लिहून कळवावे.