कॉम्पिटिटर टेबलमधे फीचर नको, गिऱ्हाइकाची अडचण लिहा

प्रॉडक्ट किंवा मार्केटिंगमधे नवीन आलेल्या मंडळींचे स्पर्धकांशी तुलना करणारे टेबल मी बरेच तपासते आणि बहुतेकांचा साचा एकच असतो, वर कंपन्यांची नावं, डावीकडे फीचर्स, मधे टिकमार्क. त्यातून एवढंच कळतं की सगळ्यांकडे सगळं आहे, कारण फीचर्स आपण त्यांच्याच वेबसाइटवरून उचललेली असतात.

समजा फिजिओथेरपी क्लिनिकसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवायचंय. ऑनलाइन बुकिंग, रिमाइंडर, पेमेंट, तिन्ही सगळ्यांकडे असतं. आता डावीकडे फीचरऐवजी प्रसंग लिहा, म्हणजे "सकाळी ९ ला पेशंटने ११ ची वेळ रद्द केली, ती भरायचीय". आणि वर कंपन्यांच्या जोडीला वही, एक्सेल आणि "काहीच करत नाही" हे कॉलम हवेतच हवेत, कारण खरी स्पर्धा बऱ्याचदा त्यांच्याशीच असते.

चौकटीत टिकमार्क नाही, काय घडतं ते लिहायचं. उदा. "अ सॉफ्टवेअर: वेळ मोकळी दाखवतं, पण वेटिंगवाल्यांना रिसेप्शनिस्ट एकेक फोन करते". वहीच्या कॉलममधे "लवकर वेळ हवी असलेल्यांची यादी कागदावर, वरून खाली फोन". प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून कळलं तेही टाका, रिव्ह्यू, डेमो की प्रत्यक्ष बोलणं. रिव्ह्यूमधे मी २ आणि ३ स्टारवाले आधी वाचते, १ स्टारमधे बऱ्याचदा नुसता राग असतो पण मधले लोक सॉफ्टवेअर वापरत राहून नेमकं कुठे अडतं ते सांगतात.

आता महत्त्वाचं. एखाद्या प्रसंगावर कोणाकडेच उपाय नाही, म्हणजे चौकट रिकामी दिसली, की लगेच बाजारात गॅप सापडली म्हणून उड्या मारू नका, ती कोणालाच नको म्हणूनही रिकामी असू शकते. बघायचं एवढंच की त्या अडचणीवर लोक आत्ता वेळ किंवा पैसे घालवतायत का. रिसेप्शनिस्ट पैसे घेणं थांबवून अर्धा तास फोन लावत बसते, म्हणजे घालवतायत. पण तेच क्लिनिक एका वेळेला दोन पेशंट बोलवत असेल तर कोणी रद्द केल्याने त्यांचं काही अडत नाही, तिथे ही गॅपच नाही. म्हणून एकट्या थेरपिस्टचं क्लिनिक आणि मोठं क्लिनिक यांची टेबलं वेगवेगळी करा, एकत्र केलीत तर दोन्ही चित्रं पुसट होतात.

शेवटचा कॉलम माझा सगळ्यात आवडता, "बाकीच्यांनी हे का केलं नाही?". सॉफ्टवेअरवाला थेरपिस्टमागे महिन्याला ठरावीक फी घेत असेल तर क्लिनिकची वेळ रिकामी गेल्याने त्याचं काही बुडत नाही, त्यामुळे त्याला घाईही नसते. हे कारण पटण्यासारखं असलं तर गॅप काही काळ टिकेल. कारणच सापडत नसेल तर ती गॅप बहुधा त्यांच्या पुढच्या अपडेटमधे बुजेल, आणि मी तरी त्यावर अख्खं प्रॉडक्ट उभं करणार नाही.