इनऑर्डर बरोबर आला, तरी माझं झाड चुकलं होतं

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात मला हमखास येणारा एकच प्रश्न होता. आकड्यांची रांग दिलेली, त्यापासून बायनरी सर्च ट्री काढा आणि इनऑर्डर ट्रॅव्हर्सल लिहा. मी लिहिलेला इनऑर्डर चढत्या क्रमाने बिनचूक आला होता. पेपर हातात आल्यावर पाहतो तर आकृतीचे गुण कापलेले. मी तावातावाने सरांकडे गेलो, "इनऑर्डर बरोबर आहे म्हणजे झाड बरोबरच असणार ना?" त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "५५ आधी आला की ६०?"

रांग अशी होती: ४२, १७, ६८, २५, ९, ५५, ३१, ६०, २०.

आधी बरोबर झाड काढू. नियम सोपा आहे. प्रत्येक नवा आकडा रूटपासून निघतो, समोरच्या नोडपेक्षा लहान असेल तर डावीकडे जातो, मोठा असेल तर उजवीकडे, आणि जिथे पहिली रिकामी जागा मिळेल तिथे बसतो. ४२ रूट झाला. १७ लहान, म्हणून डावीकडे. ६८ उजवीकडे. २५ हा ४२ पेक्षा लहान, १७ पेक्षा मोठा, म्हणून १७ च्या उजव्या हाताला. ९ गेला १७ च्या डाव्या हाताला. ५५ हा ४२ च्या उजवीकडे वळला, ६८ पेक्षा लहान निघाला आणि त्याच्या डावीकडे बसला. ३१ ने ४२, १७, २५ असा प्रवास केला आणि तो २५ च्या उजवीकडे थांबला. ६० ची वाट ४२, ६८, ५५ अशी, शेवटी ५५ च्या उजवीकडे. २० पुन्हा ४२, १७, २५ असा उतरला आणि २५ च्या डावीकडे बसला.

```
    +---------------४२----------+
+---१७------+           +-------६८
९       +---२५--+       ५५--+
        २०      ३१          ६०
```

ही आकृती मुद्दाम अशी काढली आहे. प्रत्येक आकड्याला स्वतःचा उभा स्तंभ आहे आणि कुणीही कुणाच्या बरोबर खाली नाही. प्रत्येक आकडा सरळ खालच्या ओळीवर उतरवला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं: ९, १७, २०, २५, ३१, ४२, ५५, ६०, ६८. हाच इनऑर्डर. वहीत काढताना एकुलतं एक चाइल्ड नोडच्या सरळ खाली काढायची सवय असेल तर ती आजच सोडा. ६० हा ५५ च्या नेमका खाली काढला, तर तो डावा की उजवा हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि दोन मिनिटांनी तुम्हालाही आठवत नाही.

मोठ्या झाडात स्तंभ सांभाळणं जड जातं. तिथे मी रूटच्या डाव्या बाजूने पेन टेकवतो आणि न उचलता झाडाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारतो. एखाद्या नोडच्या पोटाखालून पेन गेलं की तो आकडा लिहायचा. ९ ला मुलं नाहीत, तरी पेन त्याच्या खालून वळसा घेतंच, म्हणून पहिला तोच. कोडमध्येही नेमकं हेच घडतं: डावी बाजू संपली की स्वतःचा आकडा, मग उजवी बाजू.

```
def inorder(n):
    if n is None:
        return
    inorder(n.left)
    print(n.key)
    inorder(n.right)
```

आता माझी चूक. रांग वाचताना ५५ नजरेतून निसटला. मी ६० आणला, तो ६८ च्या डावीकडे बसवला. मग ५५ राहिल्याचं लक्षात आलं, आणि खोडाखोड नको म्हणून तो ६० च्या डावीकडे टाकून दिला. डावीकडे लहान, उजवीकडे मोठे, हा नियम कुठेच मोडला नाही, म्हणून इनऑर्डरमध्ये ५५, ६०, ६८ हे तसेच राहिले. झाड वैध होतं, पण दिलेल्या रांगेचं नव्हतं. त्याच नऊ आकड्यांची कितीतरी वेगवेगळी झाडं निघतात आणि इनऑर्डर सगळ्यांचा एकच. प्रीऑर्डर लिहिला असता तर फरक उघड झाला असता: बरोबर झाडात ६८, ५५, ६०, माझ्या झाडात ६८, ६०, ५५.

म्हणजे इनऑर्डर पडताळणीला कुचकामी आहे का? नाही, तो वेगळी चूक पकडतो. नंतर मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला लागलो, तेव्हा एक चूक वारंवार दिसायची: रूटपासून न निघता नजरेला दिसलेल्या रिकाम्या जागेत आकडा बसवायचा. समजा कुणी ३१ हा ५५ च्या डावीकडे ठेवला. ५५ पेक्षा ३१ लहान आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतं पाहिलं तर खटकत नाही. पण तो ४२ च्या उजव्या सबट्रीत जाऊन बसला आहे, आणि तिथे प्रत्येक आकडा ४२ पेक्षा मोठाच हवा. इनऑर्डर लिहा: ९, १७, २०, २५, ४२, ३१, ५५... ४२ नंतर ३१ आला, तिथेच चोर सापडला. अट एकच, इनऑर्डर आकृतीवरूनच वाचायला हवा. कित्येक जण दिलेले आकडे सरळ चढत्या क्रमाने लावून उत्तर म्हणून लिहितात. (मीही लिहायचो.) मग उत्तर नेहमीच बरोबर येतं आणि आकृती काही तपासली जात नाही.

सरांच्या त्या प्रश्नातून मला दुसरी पडताळणी मिळाली. प्रत्येक नोडशेजारी त्याचा रांगेतला क्रमांक बारीक अक्षरात लिहायचा: ४२ ला १, १७ ला २, ६८ ला ३, ५५ ला ६, ६० ला ८. नवा आकडा नेहमी आधीपासून बसलेल्याच्या खाली जातो, त्यामुळे रूटपासून खाली उतरताना हे क्रमांक वाढतच गेले पाहिजेत. बरोबर झाडात ४२, ६८, ५५, ६० या वाटेवर १, ३, ६, ८ येतात. माझ्या झाडात ती वाट ४२, ६८, ६०, ५५ अशी होती, म्हणजे १, ३, ८, ६. ८ खाली ६ असूच शकत नाही.

सगळे आकडे वेगवेगळे असतील, एकही सुटला नसेल, इनऑर्डर चढता असेल आणि क्रमांक खाली वाढत जात असतील, तर झाड तेच. या अटींत बसणारं दुसरं झाड निघतच नाही. कारण सर्वांत लहान क्रमांकाचा आकडाच रूट होऊ शकतो, त्याहून लहान सगळे डावीकडे आणि मोठे उजवीकडे जातात, आणि प्रत्येक बाजूला हाच युक्तिवाद पुन्हा लागू होतो. पुढे ट्रीप नावाची रचना शिकाल, तिच्यात हीच जोडी वापरतात, फक्त क्रमांकाच्या जागी यादृच्छिक प्राधान्य असतं.

रांगेत तोच आकडा दोनदा आला तर काय, हे प्रश्नात बहुधा लिहिलेलं नसतं. कुणी तो उजवीकडे पाठवतात, कुणी टाकून देतात. मी उत्तराच्या पहिल्या ओळीतच "समान आकडा उजवीकडे" असं लिहून मग आकृतीला हात घालतो.