माथा छाटलेल्या चौथऱ्याचं घनफळ कसं काढायचं? सगळं भांडण चार कोपऱ्यांचं

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वेशीजवळ एक दगडी स्मारक बांधून झालं. खाली रुंद, वर निमुळतं, पण टोक नाही. पिरॅमिडचा माथा आडवा छाटावा तसं. बांधकामाची मजुरी ब्रासवर ठरली होती. ब्रास म्हणजे १०० घनफूट. काम संपलं आणि हिशेबाला बसलो, तर गवंडीतात्यांचं माप निघालं १८० घनफूट आणि मंडळाच्या हिशेबनिसाचं १४४. टेप एकच, मापं तीच, तरी ३६ घनफुटांचा फरक!

तात्यांनी खालचं आणि वरचं क्षेत्रफळ काढून त्यांची सरासरी धरली होती. हिशेबनिसाने आधी बाजूंचीच सरासरी काढली आणि तिचा वर्ग केला. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. खरं उत्तर मात्र दोघांच्या मध्ये कुठंतरी होतं.

आधी मापं नीट घेऊ, कारण निम्म्या चुका तिथंच होतात. पायथ्याशी मुरूम किंवा माती चढली असेल तर ती खरवडून काढा, नाहीतर खालची बाजू प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. मग चारही बाजू मोजा. आमच्याकडे खालची प्रत्येक बाजू ९ फूट आणि वरची ३ फूट भरली. बाजू सारख्या असल्या म्हणून आकृती चौरस असेलच असं नाही, ती तिरकी दबलेलीही असू शकते. त्यासाठी वरच्या माथ्याचे दोन्ही कर्ण ताणून बघायचे. ३ फुटी चौरसाचा कर्ण साधारण ४ फूट ३ इंच येतो. दोन्ही तेवढेच आले की काळजी नाही.

आता उंची. इथं बहुतेकजण फसतात. उतारावर टेप लावून आलेला आकडा उंची म्हणून लिहितात, पण ती असते तिरकस उंची. ती मोजायचीच असेल तर वरच्या आणि खालच्या कडेचा मध्य खडूने खुणा करून घ्या आणि त्या दोन खुणांमध्येच टेप धरा. कोपऱ्याच्या धारेवरून धरू नका. आमच्या चौथऱ्यावर मधोमध ५ फूट आले, धारेवरून ५ फूट १० इंच आले असते.

पायथा वरच्या कडेपेक्षा प्रत्येक बाजूला किती पुढे आला आहे ते काढा. ९ वजा ३ म्हणजे ६, त्याचं अर्धं ३. आता काटकोन त्रिकोण तयार झाला: कर्ण ५, पाया ३. पायथागोरसने उभी उंची ४ फूट. मला तरी नुसत्या हिशेबावर विसंबायला आवडत नाही. माथ्यावर सरळ फळी ठेवली, स्पिरिट लेव्हलने आडवी केली आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकाला ओळंबा सोडला. खालपर्यंत ४ फूटच भरले.

आता भांडणाकडे. चौथऱ्याचे मनातल्या मनात तुकडे करू. माथ्याच्या चारही कडांवरून सरळ खाली करवत चालवली असं समजा. नऊ तुकडे पडतील.

मधला तुकडा म्हणजे सरळ खांब: ३ × ३ × ४ = ३६ घनफूट. चार बाजूंना चार पाचरी निघतात. प्रत्येक पाचरीचा त्रिकोण ३ रुंद आणि ४ उंच, म्हणजे ६ चौरस फूट. लांबी ३ फूट, म्हणून एक पाचर १८ आणि चार मिळून ७२. उरले चार कोपरे. प्रत्येक कोपरा म्हणजे ३ × ३ पायथ्याचा, ४ फूट उंचीचा, एका बाजूला टोक असलेला छोटा पिरॅमिड. पिरॅमिडचं घनफळ त्याच पायथ्याच्या आणि तेवढ्याच उंचीच्या पेटीच्या एक तृतीयांश असतं, म्हणजे ३६ भागिले ३, बरोबर १२. चार कोपरे ४८. हे पटत नसेल तर पुठ्ठ्याचा असा कोपरा आणि तशीच पेटी करून शाळूच्या दाण्यांनी भरून बघा. तीन मापांत पेटी भरते.

बेरीज: ३६ + ७२ + ४८ = १५६ घनफूट.

आता दोघांचे हिशेब याच तुकड्यांवर ठेवून बघा. खांब आणि पाचरी दोघांच्याही बरोबर येतात. फरक फक्त कोपऱ्यांत आहे. हिशेबनिसाच्या पद्धतीत कोपरा पेटीच्या चौथ्या भागाएवढा, म्हणजे ९ धरला जातो. तात्यांच्या पद्धतीत तो अर्धा, म्हणजे १८ होतो. खरा आहे तिसरा भाग, १२. म्हणून एकाला १२ घनफूट कमी पडले आणि दुसऱ्याला २४ जास्त.

दर वेळी तुकडे करत बसायला नको म्हणून त्याचंच सूत्र:

घनफळ = उंची ÷ ३ × (खालच्या बाजूचा वर्ग + वरच्या बाजूचा वर्ग + दोन्ही बाजूंचा गुणाकार)

आमच्यासाठी ४ ÷ ३ × (८१ + ९ + २७), म्हणजे ४ × ३९ = १५६. दहावीला शंकुछेदाचं सूत्र शिकला असाल तर चेहरा ओळखीचा वाटेल. तिथं बाजूंऐवजी त्रिज्या असतात आणि पुढे पाय लागतो, एवढंच.

हे सूत्र फार जुनं आहे. इजिप्तमधल्या इ.स.पूर्व सुमारे १८५० च्या एका पपायरसवर खाली ४, वर २, उंची ६ असं उदाहरण सोडवून उत्तर ५६ दिलं आहे. पण आमच्या भांडणाला नेमका लागू पडला तो ब्रह्मगुप्त. इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात, खड्ड्याचं माप काढताना, त्याने या दोन्ही ढोबळ पद्धती सांगितल्या आणि पुढे म्हटलं की त्यांच्यातल्या फरकाचा तिसरा भाग लहान उत्तरात मिळवावा. १८० वजा १४४ म्हणजे ३६, तिसरा भाग १२, आणि १४४ + १२ = १५६. सूत्राने आलेलं उत्तर तपासायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. तात्या ऐकून एवढंच म्हणाले, “मग एक ब्रास छप्पन्न लिवा की.”

दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तर एवढा खटाटोप नको. खाली ९ आणि वर ८ असते, तर त्याच उंचीला बाजूंच्या सरासरीने फक्त एक तृतीयांश घनफूट चुकलं असतं. उतार जितका पसरट, तितकी चूक वाढते.

पायथा चौरस नसून लांबट असेल, तर हे सूत्र तसंच वापरू नका. तिथं ‘लीलावती’तला नियम घ्या: वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या लांबी-रुंदीची बेरीज करून येणारं तिसरं क्षेत्रफळ, या तिघांच्या बेरजेला ६ ने भागून उंचीने गुणायचं. भास्कराचार्यांचंच उदाहरण आहे: तोंडाशी १२ × १० हात, तळाशी ६ × ५, खोली ७. म्हणजे १२० + ३० + (१८ × १५ = २७०) = ४२०, भागिले ६ म्हणजे ७०, गुणिले ७ म्हणजे ४९० घनहात.

तोच चौथरा उलटा केला की माण-खटावकडचं शेततळं होतं. वर ३० मीटर, तळाशी २४, खोली ३: ३ ÷ ३ × (९०० + ५७६ + ७२०) = २१९६ घनमीटर, म्हणजे काठोकाठ भरलं तर जवळपास २२ लाख लिटर पाणी.