चित्रपुस्तकाचं जोडपान तपासताना या चुका टाळा

रावेर तालुक्यातली एक गोष्ट गेल्या वर्षी माझ्याकडे डमीच्या, म्हणजे छापण्याआधीच्या नमुना पुस्तकाच्या रूपात आली. रात्रीची लाइट असते, म्हणून बाबा केळीला पाणी द्यायला मळ्यात गेले आहेत. मुलगी बॅटरी घेऊन त्यांचा डबा पोचवायला निघते आणि पाठोपाठ भुरी नावाची मांजरही येते. गोष्ट गोड होती, चित्रंही सुरेख होती. तरी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवताना नेमक्या आठ-नऊ या जोडपानावर मुलं सैलावली. जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर एकत्र दिसणारी समोरासमोरची दोन पानं. ते पान का फसलं हे शोधायला आम्हाला दोन संध्याकाळ लागल्या. त्यात सापडलेल्या चुका मला पुढे इतर डमींमध्येही पुन्हा पुन्हा दिसल्या.

पहिली चूक तपासण्याच्या पद्धतीतलीच होती. चित्रकाराने सगळं काम कॉम्प्युटरवर पाहिलं होतं आणि तिथे पानं १-२, ३-४ अशा जोड्यांनी दिसत होती. छापील पुस्तकात पान १ एकटं, उजवीकडे येतं. पहिली जोडी २-३ ची असते, म्हणजे सम पान कायम डावीकडे आणि विषम उजवीकडे. त्यामुळे पान उलटण्याचा क्षण नेहमी विषम पानाच्या शेवटी येतो. स्क्रीनवर जोड्या एका पानाने सरकल्या की जे रहस्य उलटल्यावर उघडायला हवं, ते शेजारच्याच पानावर येऊन बसतं आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून मूळ मापात प्रिंट काढा, मध्ये पिना मारा आणि हातात धरून बघा. आमचं पुस्तक २४ पानांचं, २१ सेंटिमीटर चौरस होतं. घरच्या प्रिंटरवर ए४ कागदाच्या दोन तुकड्यांना चिकटपट्टी लावून अशी डमी तासाभरात होते.

डमी हातात आल्यावर मजकूर का वाचवत नव्हता ते दिसलं. मजकूर पांढऱ्या अक्षरात, केळीच्या मोठ्या पानावर बसवला होता. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर धावतात. चित्रकाराने त्या फिकट रंगात फार प्रेमाने काढल्या होत्या, आणि अक्षरांच्या शिरोरेषा नेमक्या त्यांच्यातच हरवत होत्या. नजरेला ओळीची सुरुवात सापडत नव्हती. इंग्रजी पुस्तकाचा नमुना समोर ठेवून काम करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण त्या अक्षरांना वरची रेघच नसते. मोबाइलवर पानाचा कृष्णधवल फोटो काढून हात लांब करून बघा. रंग निघून गेल्यावर अक्षर पार्श्वभूमीत विरघळलं, तर ते अंधुक खोलीतही वाचता येणार नाही.

पांढऱ्या अक्षरांचा दुसरा धोका छापखान्यात असतो. गडद निळा-हिरवा रंग तीन-चार शाया एकावर एक चढून तयार होतो आणि पांढरं अक्षर म्हणजे त्या प्रत्येक शाईत ठेवलेली मोकळी जागा. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते, त्यातली एखादी केसभर सरकली तरी अनुस्वार भरून जातो, रफार बारीक होतो. 'पानामागे' आणि 'पानांमागे' यातला फरक त्या एका टिंबावर उभा आहे.

अशा वेळी बहुतेक जण मजकुरामागे अर्धपारदर्शक पांढरी पट्टी टाकतात. मला ती अजिबात पटत नाही. अक्षर वाचता येतं खरं, पण रात्रीच्या मळ्यावर कोणीतरी पाटी टांगल्यासारखं दिसतं. जागा चित्राच्या आतूनच निघायला हवी. आमच्या चित्रात ती आयती होती, मुलीच्या हातातल्या बॅटरीचा उजेड. चित्रकाराने तो झोत रुंद आणि फिकट पिवळा केला, आतल्या शिरा पुसल्या आणि मजकूर काळ्या अक्षरात त्या उजेडात ठेवला. अक्षर २० पॉइंटचं ठेवलं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते. मधल्या घडीपासून सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. उजव्या पानाचा खालचा कोपराही रिकामा ठेवला. पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा तिथेच येतो.

फक्त काळ्या शाईतल्या अक्षरांचा आणखी एक उपयोग आहे आणि खान्देशात तो मला फार मोलाचा वाटतो. त्याच पुस्तकाची अहिराणी आवृत्ती काढायची झाली, तर चित्राच्या बाकी रंगांच्या प्लेटा तशाच राहतात, नवी करावी लागते ती काळ्याची. पांढऱ्या अक्षरांसाठी सगळ्याच बदलाव्या लागल्या असत्या.

आता पान उलटण्याकडे येते. मुलं सैलावण्याचं खरं कारण तिथे होतं. पान ९ च्या शेवटी वाक्य होतं, "केळीच्या पानांमागून एक साळिंदर हळूच बाहेर", आणि उलटल्यावर पान १० वर, "आलं!" लेखिकेला वाटलं, वाक्य तोडलं म्हणजे उत्कंठा आली. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य शेवटाजवळ तोडलं की ज्याचं कुतूहल आहे ते नाव आधीच सांगून होतं आणि पानापलीकडे उरतं ते फक्त 'आलं'. त्यासाठी कोण पान उलटेल?

मग शब्दांचा क्रम फिरवला. "पानांमागून हळूच बाहेर आलं..." आणि उलटल्यावर, "साळिंदर!" मला हे आवडलं होतं. पुढच्या वाचनात पहिलीतली एक मुलगी पान उलटायच्या आधीच म्हणाली, "भुरी नाहीये ती." तिचं बरोबर होतं. बाबा असते तर 'आले' म्हटलं असतं, भुरी असती तर 'आली'. आपलं क्रियापद लिंग-वचन सांगून टाकतं आणि मुलांचे कान त्यात तयार असतात. अहिराणीतही 'उना' आणि 'उनी' वेगळे, त्यामुळे तिथेही हीच पंचाईत. संशयितांमध्ये वेगवेगळ्या लिंगांची पात्रं असतील, तर उलटण्याआधीच्या वाक्यात असं क्रियापद नको. 'आहे' चालतं, ते कोणाचंच गुपित फोडत नाही. शेवटी पान ९ वर एवढंच राहिलं:

"पानांमागे सळसळ.
पुन्हा सळसळ.
कोण आहे तिथे?"

अहिराणीत शेवटची ओळ "कोन शे तठे?" अशी होते, तीही तितकीच झाकलेली. बॅटरीचा झोत आता डावीकडून उजवीकडे जातो आणि खालच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या पानांपाशी संपतो. नजर तिथे पोचते तेव्हा बोटही तिथेच असतं.

मोठ्याने वाचण्याची परीक्षा लेखकाने स्वतः घेऊ नये. त्याला वाक्य पाठ असतं, त्यामुळे तो अडखळत नाही. ज्याने गोष्ट पाहिलेली नाही त्याच्या हातात डमी द्या, पुस्तक मुलांकडे तोंड करून बाजूला धरायला सांगा आणि स्वतः दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल घेऊन बसा. वाचणारा तिरक्या नजरेने वाचत असतो, म्हणून ओळ कुठे तुटते याला फार महत्त्व येतं. आमच्या पान ८ वर एक ओळ "बाबांनी लावलेल्या केळीच्या" इथे संपत होती आणि 'बागेत' खाली गेलं होतं. वाचणाऱ्या ताई तिथे दोनदा थांबल्या, कारण 'केळीच्या' म्हटल्यावर पुढे काय हे कळेपर्यंत आवाज उतरवता येत नाही. 'केळीच्या बागेत' एका ओळीत आणलं, 'बाबांनी लावलेल्या' काढून टाकलं. बाबा पुढच्या चित्रात फावडं घेऊन उभे आहेतच.

ताई तिसऱ्यांदा थांबल्या त्या 'कोण आहे तिथे?' नंतर. पेन्सिलीने ती खूणही मी केली, आणि मग खोडली. त्या थांबल्या होत्या मुलांकडे बघायला, आणि पान उलटायला दोन मुलं पुढे सरकली होती.