खुल्या साइटवर आणि पीपवर नेम धरताना: या चुका टाळा

खुल्या खाचेच्या साइटवर नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे टारगेटकडे बघत राहणे. काळा गोल ठसठशीत दिसला की नेम लागला असे वाटते. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. गोल स्पष्ट झाला की नळीच्या टोकावरची फ्रंट साइट पुसट होते, आणि ती खाचेत अर्धा मिलिमीटर उजवीकडे गेली तरी कळत नाही.

तो अर्धा मिलिमीटर किती महागात पडतो बघा. एअर पिस्तुलाचा साइट रेडियस, म्हणजे खाच ते फ्रंट साइट हे अंतर, ३२० मिमी धरा. टारगेट १० मीटरवर, म्हणजे रेडियसच्या ३१ पट लांब. चूकही तेवढ्याच पटीने वाढते आणि छर्रा जवळजवळ १६ मिमी उजवीकडे लागतो. तिथे शेजारच्या दोन रिंगांमध्ये ८ मिमी अंतर असते, म्हणजे दोन रिंगा गेल्या. याउलट दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून अख्खे पिस्तूल ५ मिमी सरकले, तर छर्राही ५ मिमीच सरकतो. म्हणून हात हलतो याची काळजी सोडा. फ्रंट साइटची वरची कड खाचेच्या कडेशी सपाट आणि दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या, एवढेच सांभाळा. गोल पुसट दिसलाच पाहिजे. ट्रिगर सुटल्यावर फ्रंट साइट नेमकी कुठे होती हे सांगता आले नाही, तर तुम्ही गोल बघत होतात. घाईने पुढचा छर्रा भरून ही सवय जात नाही.

पीपवर, म्हणजे खाचेऐवजी बारीक भोक असलेल्या मागच्या साइटवर, चूक उलटी होते: लोक भोकाच्या कडा बघून मध्य शोधत बसतात. भोक डोळ्याजवळ असल्याने कडा पुसट दिसणारच, आणि मध्य डोळा आपोआप पकडतो. लक्ष फ्रंट साइटवरच ठेवा. भोक लहान केले की चित्र स्पष्ट होते, पण फार लहान केले तर अंधारते, मग एक घर मोठे करा. पीप डोळ्याजवळ बसवता येते म्हणून त्याच रायफलवर साइट रेडियसही वाढतो. खाच तितक्या जवळ आणली तर ती धूसर होऊन जुळवता येत नाही.

फ्रंट साइट पुढे नेणारे एक्स्टेन्शन नळीपुढे लावून रिअर साइट सरकवण्याचे जुनेच क्लिक मोजणे ही तिसरी चूक. रेडियस ७५० वरून ९०० मिमी झाला तर आधी पाच क्लिकला जितका छर्रा सरकत होता, तितक्यासाठी आता सहा लागतात. झीरो, म्हणजे छर्रा नेमावर लागेल अशी साइट जुळवणे, पुन्हा पहिल्यापासून करा. फ्रंट साइटमधली रिंगही आता लहान दिसते, ती एक माप मोठी घ्या. रेडियस वाढल्याने नळी जास्त अचूक होत नाही, फक्त तुमची चूक लवकर दिसते. त्यामुळे साइट जास्त हलल्यासारखी वाटते, म्हणून घाबरून एक्स्टेन्शन काढू नका.

रिअर साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवा, फ्रंट साइट उलट.