संचालकपद सोडलं, तरी हमी सुटत नाही: सहीआधी गॅरंटी डीड कशी वाचावी

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या कंपनीत तुम्ही मेव्हण्याबरोबर संचालक आहात. बँकेने ४० लाखांची कॅश क्रेडिट दिली आणि तुमच्याकडून वैयक्तिक हमी घेतली. तीन वर्षांनी तुम्ही राजीनामा दिलात. त्या दिवशी खात्यावर ३१ लाख येणं होतं. पुढे लिमिट ६० लाख झाली आणि कंपनी बुडाली. तुमच्याकडून किती वसूल होईल, हे डीडमधली तीन कलमं ठरवतात.

आधी सँक्शन लेटर आणि डीड शेजारी ठेवून रक्कम जुळवा. सँक्शन ४० लाखांचं आणि डीडमध्ये ‘कंपनीकडून येणं असलेली सर्व रक्कम’ असेल, तर सही करू नका. ‘४० लाख, अधिक व्याज व खर्च’ असा आकडा लिहून घ्या. कोरी जागा ठेवून तर कधीच सही नको.

मग ‘चालू हमी’ हे शब्द शोधा. कॅश क्रेडिटमध्ये पैसे रोज भरले-काढले जातात. साधी हमी कर्ज फिटलं की संपते, चालू हमी मात्र खातं शून्यावर आलं तरी पुढच्या उचलीला लागू राहते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १३० नुसार बँकेला नोटीस देऊन ती पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. आधीच्या ३१ लाखांची जबाबदारी मात्र राहतेच.

सगळ्यात सावकाश वाचायचं ते हक्क सोडण्याचं कलम. कलम १३३ म्हणतं की जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. लिमिट परस्पर ६० लाख झाली, तर हीच तुमची ढाल. पण डीडमध्ये बहुधा ‘कलम १३३ ते १४१ खालील हक्क मी सोडतो’ असं एक लांबलचक वाक्य असतं. त्यात १३० चा आकडाही आहे का, ते बोट ठेवून पाहा. २००८ मध्ये सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, करारानेच हक्क सोडल्यावर जामीनदाराला कलम १३० खाली हमी मागे घेता येणार नाही, असं म्हटलं. म्हणजे राजीनाम्यानंतरची नोटीसही वाया.

बँक हे कलम सहसा पूर्ण काढत नाही. म्हणून निदान एवढं मागा: लिमिट वाढवताना माझी लेखी संमती लागेल, आणि ९० दिवसांच्या नोटिशीने पुढच्या उचलीपुरती हमी थांबेल. तोंडी होकार चालत नाही, डीडमध्येच लिहून घ्या.

सही आधीच झाली असेल, तर राजीनाम्यासोबत फॉर्म डीआयआर-१२ भरून थांबू नका. तो कंपनी निबंधकासाठी असतो, बँकेसाठी नव्हे. शाखेला वेगळी नोटीस द्या, पोच घ्या, त्या दिवसाची थकबाकी लेखी मागा आणि जुनं खातं गोठवायला सांगा. तेच खातं चालू राहिलं, तर तुमचे ३१ लाख कुठले आणि नंतरची उचल कुठली, यावरूनच वाद पेटतो. हमीमुक्तीचं पत्र मिळेपर्यंत मेव्हण्याच्या हाती शेअर देऊ नका. डीडच्या प्रतीसह वकिलाचा सल्ला मात्र सहीच्या आधीच घ्या.